डेथ समरी कशी बांधायची: फोडापासून सेप्टिक शॉकपर्यंतचा घटनाक्रम कागदावर आणताना

वॉर्डातल्या बहुतेक डेथ समऱ्या एकाच साच्यातून निघालेल्या असतात. वरचा परिच्छेद ॲडमिशन नोटमधून जसाच्या तसा उतरवलेला. मधल्या दोन-तीन दिवसांसाठी "उपचार सुरू ठेवले, प्रकृती खालावत गेली" एवढंच वाक्य. शेवटी "कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट". अशी समरी वाचून रुग्ण दगावला एवढं समजतं, पण का दगावला ते समजत नाही. डेथ ऑडिटच्या बैठकीत मग युनिटला तोंडी खुलासे करावे लागतात, आणि विम्याच्या दाव्यात नातेवाईक पुन्हा पुन्हा रेकॉर्ड रूमचे उंबरे झिजवतात.

हा लेख इंटर्न, हाऊस ऑफिसर आणि ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या मेडिकल ऑफिसरसाठी आहे. उदाहरण एकच घेतलं आहे, मधुमेहातल्या पायाच्या जखमेचं, कारण आपल्याकडे असे रुग्ण सतत येतात आणि घटनाक्रमाच्या जवळजवळ सगळ्या चुका त्यात सापडतात. उदाहरण रचलेलं आहे. प्रत्यक्ष समरी इंग्रजीत लिहिली जाते, इथे नमुना मराठीत दिला आहे.

## टप्पा १: लिहायला बसण्याआधी कागद आणि माणसं

समरी केस पेपरवरून लिहायची असते, आठवणीवरून नाही. समोर या गोष्टी हव्यात: कॅज्युअल्टीची पहिली नोट, रेफर चिठ्ठी, रोजच्या राउंडच्या नोंदी, सिस्टरांचा टीपीआर आणि इनटेक-आउटपुट चार्ट, औषधांचा चार्ट, ओटी नोट, सगळे लॅब रिपोर्ट आणि सीपीआरची नोंद.

यात हमखास हरवते ती रेफर चिठ्ठी. रुग्ण गावातल्या डॉक्टरकडून उपजिल्हा रुग्णालयात, तिथून १०८ने अंबाजोगाई, लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरच्या मेडिकल कॉलेजला येतो. चिठ्ठी कॅज्युअल्टीच्या टेबलावर तरी राहते, नाहीतर नातेवाइकांच्या पिशवीत जुन्या रिपोर्टांसोबत. पहिला कमी बीपी आणि पहिली शुगर त्याच चिठ्ठीवर असते. भरतीच्या वेळीच तिची झेरॉक्स लावली असेल तर उत्तम. नसेल तर मृतदेह ताब्यात देण्याआधी मागून घ्या. एकदा गाडी गावाकडे निघाली की ती चिठ्ठी पुन्हा हाती लागत नाही.

नातेवाइकांशी पाच मिनिटं बोलायचं तेही त्याच वेळी, आणि बोलायचं त्या माणसाशी जो घरी रुग्णाजवळ होता. पुढे पुढे करणारा नातलग बऱ्याचदा कालच गावाहून आलेला असतो. "त्रास कधीपासून?" या प्रश्नाला "लई दिसांपासून" असं उत्तर येतं आणि त्याचा काही उपयोग होत नाही. आठवडी बाजार, सण, पेरणी, फवारणी यांच्या आधाराने विचारा: "पायाला फोड आला तेव्हा पंचमी झाली होती का?" उत्तर मिळालं की कॅलेंडर बघून तारीख लावा आणि "नातेवाइकांच्या सांगण्यानुसार" असं नमूद करा.

तपासा: मॉनिटरचं घड्याळ, ओटीतलं घड्याळ आणि सिस्टरांचं मनगटी घड्याळ यांत दहा-पंधरा मिनिटांचा फरक असू शकतो. नोंदी एकमेकींना छेद देत असतील तर नर्सिंग चार्टची वेळ धरा आणि सगळीकडे तीच वापरा.

## टप्पा २: कच्च्या कागदावर फक्त वेळा मांडा

निदान, मत, विशेषणं यातलं काहीही या कागदावर नको. तारीख, चोवीस तासांच्या घड्याळातली वेळ आणि घडलेली गोष्ट, एवढंच. आपल्या रुग्णाचा कच्चा कागद असा दिसेल:

- १ ऑगस्ट: उजव्या अंगठ्याला फोड (मुलगी सांगते, नागपंचमीच्या आदल्या दिवशी). गावात ड्रेसिंग.
- ९ ऑगस्ट: सूज घोट्याच्या वर, थंडी-ताप.
- १२ ऑगस्ट, १७.३०: उपजिल्हा रुग्णालय. बीपी ९०/६०, शुगर ४१२. सलाईन, अँटिबायोटिकचा पहिला डोस. १८.१५ला रेफर.
- १२ ऑगस्ट, २१.४०: मेडिकल कॉलेजमध्ये भरती. नाडी १२४, बीपी ८४/५०, श्वास २८. पायाची कातडी काळसर, दाबल्यावर चुरचुर. क्रिएटिनिन ३.२, पांढऱ्या पेशी २४,६००, हिमोग्लोबिन ६.८.
- १२ ऑगस्ट, २३.१५: दीड लिटर सलाईननंतरही बीपी ८०/५०. नॉरॲड्रिनलिन सुरू.
- १३ ऑगस्ट, ०१.३०: डिब्राइडमेंट. फॅशिया राखाडी, गुडघ्याखालपर्यंत मृत. पू कल्चरला पाठवला.
- १३ ऑगस्ट, १८.००: मांडीतून पाय काढण्याचा सल्ला. २०.३०ला नातेवाइकांची लेखी नकार-नोंद.
- १४ ऑगस्ट, सकाळ: लघवी ताशी १५ मिली, क्रिएटिनिन ४.६. नॉरॲड्रिनलिनचा डोस वाढवला.
- १४ ऑगस्ट, १६.१०: श्वास ३६, गुंगी. इंट्युबेशन, व्हेंटिलेटर.
- १५ ऑगस्ट, ०३.०५: नाडी लागेना, सीपीआर सुरू. ०३.४०: मृत घोषित.

मधुमेह १२ वर्षं, रक्तदाब ६ वर्षं, दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन. वय ५८, वजन साधारण ५० किलो.

सावधान: मध्यरात्रीनंतरची तारीख सगळ्यात जास्त चुकते. पहाटे ०३.४०चा मृत्यू नातेवाईक "१४च्या रात्री" असा सांगतात आणि ड्युटीवरचा डॉक्टरही नाइटची तारीख म्हणून १४च टाकतो. समरीवर एक, नमुना ४ वर दुसरी, असं झालं की दाखल्याची दुरुस्ती करून घेताना कुटुंबाची महिनोन्‌महिने दमछाक होते.

## टप्पा ३: साखळी उलटी शोधा, सुलटी तपासा

इथे घाई केली की पुढचं सगळं बिघडतं. शेवटच्या घटनेपासून मागे जायचं आणि प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारायचा: हे कशामुळे झालं?

हृदय थांबलं. कशामुळे? हृदय प्रत्येकाचंच थांबतं, त्यामुळे ही घटना मृत्यूची पद्धत झाली, कारण झालं नाही. कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट, हार्ट फेल, श्वसनक्रिया बंद पडणं, अशक्तपणा, म्हातारपण हे शब्द कारणाच्या ओळीत एकटे चालत नाहीत. अरेस्ट समरीच्या शेवटच्या परिच्छेदात घटना म्हणून येईल, कारणात येणार नाही.

आधीचे बावन्न तास काय चालू होतं? सलाईन देऊनही बीपी चढत नव्हता, औषधावर टिकवलेला होता, सोबत जंतुसंसर्ग होता. म्हणजे सेप्टिक शॉक. तो कशामुळे? पायातल्या नेक्रोटायझिंग फॅशिआयटिसमुळे, आणि त्याला पुरावा आहे ओटी नोटचा. तो कशामुळे? मधुमेही पायाच्या जखमेमुळे. ती चिघळली कशामुळे? बारा वर्षांच्या, ताब्यात नसलेल्या मधुमेहामुळे. आता आणखी मागे जाता येत नाही, म्हणून इथे थांबायचं. हे मूळ कारण.

आता सुलट वाचा: मधुमेह, त्यामुळे पायाची जखम, त्यामुळे फॅशिआयटिस, त्यामुळे सेप्टिक शॉक. प्रत्येक "त्यामुळे" खरा वाटला पाहिजे. एखाद्या जागी "त्यामुळे"ऐवजी "आणि नंतर" असंच म्हणावं लागत असेल तर ती कडी साखळीतली नाही. रक्तदाब घेऊन बघा: "रक्तदाब, त्यामुळे फॅशिआयटिस" हे जुळतच नाही. तरीही "डीएम, एचटीएन" ही जोडी सवयीने एका ओळीत पडते.

तपासा: साखळीतल्या प्रत्येक कडीसमोर फाइलमधला एक पुरावा दाखवता येतो का? नसेल तर तिच्याआधी "संभाव्य" लिहा. संभाव्य लिहिण्यात काही कमीपणा नाही. पुराव्याशिवाय ठाम लिहिलेलं मात्र ऑडिटमध्ये लगेच उघडं पडतं.

## टप्पा ४: फांद्या वेगळ्या काढा

मूत्रपिंडाचं काय? ते शॉकमुळे निकामी झालं, म्हणजे साखळीतूनच फुटलेली फांदी आहे. समरीच्या कथनात तिला पूर्ण जागा द्या: लघवी किती, क्रिएटिनिन किती, डायलिसिस का करता आलं नाही. कारणांच्या ओळींत मात्र तिला शॉकच्या शेजारी कोंबू नका. एका ओळीत एकच कारण लिहायचं. "सेप्टिक शॉक विथ एकेआय विथ मेटाबॉलिक ॲसिडोसिस विथ मल्टी-ऑर्गन फेल्युअर" असं लिहिलं की कशामुळे काय झालं ते पुसून जातं.

भाग २ हा वेगळा प्रकार आहे. मृत्यूला हातभार लावणारा, पण साखळीत न बसणारा आजार तिथे जातो. आपल्या रुग्णात हिमोग्लोबिन ६.८ आहे. ॲनिमियाने फॅशिआयटिस झाला नाही, पण शॉकमध्ये आधीच ऑक्सिजन कमी पोचत असताना रक्तही कमी होतं, म्हणून तो भाग २ मध्ये. रक्तदाबाने इथे हातभार लावल्याचा काही पुरावा फाइलमध्ये नाही, त्यामुळे तो पूर्वेतिहासातच राहू द्यावा असं माझं मत. मोतीबिंदूचा तर संबंधच नाही. बरेच जण भाग २ ला "उरलेलं सगळं" समजतात. त्यापेक्षा तो रिकामा राहिलेला चालेल.

## टप्पा ५: प्रत्येक कडीला कालावधी

कालावधी आजाराच्या सुरुवातीपासून मृत्यूपर्यंत मोजायचा, भरतीपासून नाही. फॅशिआयटिससमोर "२ दिवस" लिहिलं जातं कारण निदान ओटीत झालं. पण सूज आणि ताप ९ तारखेपासून होते, म्हणून "सुमारे ६ दिवस". जखम "सुमारे २ आठवडे". मधुमेह "१२ वर्षं". सेप्टिक शॉक मी २३.१५पासून धरतो, कारण सलाईन देऊनही बीपी उतरलेलाच राहिला ते तेव्हा सिद्ध झालं: "सुमारे २ दिवस". १७.३०चा ९०/६० धरून कोणी अडीच दिवस लिहिले तरी चूक म्हणता येणार नाही, फक्त समरी आणि नमुना ४ वर एकच आकडा हवा.

तपासा: वरून खाली जाताना कालावधी वाढत गेला पाहिजे. खालच्या ओळीचा कालावधी वरच्यापेक्षा कमी आला तर क्रम उलटा लागला आहे. तीस सेकंदांची ही तपासणी निम्म्या चुका पकडते.

## टप्पा ६: आता समरी लिहा

वर ओळख: नाव, वय, आयपीडी क्रमांक, भरती आणि मृत्यूची तारीख-वेळ, युनिट. मग एका वाक्यात अख्खं प्रकरण. त्यानंतर कथन चार तुकड्यांत: येण्याआधी, येताना, वॉर्डात, शेवटचा तास.

> मधुमेहाची १२ वर्षांपासून रुग्ण असलेली ५८ वर्षांची महिला. उजव्या पायाच्या चिघळलेल्या जखमेतून नेक्रोटायझिंग फॅशिआयटिस व सेप्टिक शॉक होऊन भरतीनंतर ५४ तासांनी मृत्यू.
>
> येण्याआधी: नातेवाइकांच्या सांगण्यानुसार १ ऑगस्टला उजव्या अंगठ्याला फोड, गावात ड्रेसिंग. ९ ऑगस्टपासून घोट्याच्या वर सूज व ताप. १२ ऑगस्टला १७.३० वाजता उपजिल्हा रुग्णालयात बीपी ९०/६०, शुगर ४१२. सलाईन व अँटिबायोटिक देऊन १८.१५ला रेफर (चिठ्ठी जोडली आहे).
>
> येताना (१२ ऑगस्ट, २१.४०): नाडी १२४, बीपी ८४/५०, श्वास २८. उजवा पाय गुडघ्याखालपर्यंत सुजलेला, कातडी काळसर, क्रेपिटस. पांढऱ्या पेशी २४,६००, क्रिएटिनिन ३.२, हिमोग्लोबिन ६.८.
>
> वॉर्डात: १,५०० मिली सलाईननंतरही बीपी ८०/५० राहिल्याने २३.१५ला नॉरॲड्रिनलिन सुरू. १३ ऑगस्टला ०१.३०ला डिब्राइडमेंट, फॅशिया गुडघ्याखालपर्यंत मृत, पू कल्चरला पाठवला. संसर्ग वर सरकत असल्याने १८.००ला मांडीतून पाय काढण्याचा सल्ला व धोक्यांची माहिती दिली, २०.३०ला नातेवाइकांनी लेखी असंमती दिली. १४ ऑगस्टला लघवी ताशी १५ मिली, क्रिएटिनिन ४.६, बीपी अस्थिर असल्याने डायलिसिस शक्य झाले नाही. १६.१०ला श्वास ३६ व गुंगी, इंट्युबेशन करून व्हेंटिलेटरवर.
>
> शेवटचा तास: वाढत्या नॉरॲड्रिनलिनवरही बीपी उतरत गेला. १५ ऑगस्टला ०३.०५ला नाडी लागेनाशी झाली, सीपीआर ३५ मिनिटे, प्रतिसाद नाही. ०३.४०ला मृत घोषित.
>
> मृत्यूचे कारण, भाग १:
> (क) सेप्टिक शॉक: सुमारे २ दिवस
> (ख) उजव्या पायाचा नेक्रोटायझिंग फॅशिआयटिस, मधुमेही जखमेतून: सुमारे ६ दिवस
> (ग) टाइप २ मधुमेह: १२ वर्षं
> भाग २: तीव्र ॲनिमिया

कारणांच्या ओळी तीनच आहेत, म्हणून जखम (ख) मध्ये फॅशिआयटिसच्या जोडीला गेली. ती दुसरं स्वतंत्र कारण म्हणून घातलेली नाही, संसर्ग कुठून शिरला एवढंच सांगते. मूळ कारण नेहमी शेवटच्या भरलेल्या ओळीत. साखळी दोनच कड्यांची असेल तर तिसरी ओळ कोरी सोडा.

असंमतीचं वाक्य पुन्हा वाचा. वेळ आहे, सल्ला आहे, लेखी नोंद आहे, आणि दोष कुणालाही दिलेला नाही. "नातेवाइकांच्या नकारामुळे मृत्यू" असं लिहिणं म्हणजे समरीतून निवाडा देणं. गावातल्या ड्रेसिंगबद्दलही तेच. "उशिरा रेफर केलं" असं न लिहिता तारखा लिहा, उशीर झाला असेल तर तो तारखांमधूनच दिसतो.

सावधान: "प्रकृती खालावली", "सर्व प्रयत्न केले", "गंभीर अवस्थेत" ही वाक्यं शोधून काढा आणि प्रत्येकाच्या जागी एक आकडा किंवा एक कृती टाका. टाकण्यासारखं काही सापडत नसेल तर वाक्यच खोडा.

## टप्पा ७: एमएलसी असेल तर कारण तुमचं नाही

सर्पदंश, फवारणीतली किंवा प्यालेली विषबाधा, भाजणं, वीज, अपघात, मारहाण: यांत घटनाक्रम याच पद्धतीने लिहायचा, पण अंतिम कारण शवविच्छेदनानंतर ठरतं. समरीत "वैद्यकीय निदान: ऑर्गॅनोफॉस्फरस विषबाधा, अंतिम कारण शवविच्छेदन अहवालानुसार" असं लिहा. पोलिसांना कळवल्याची वेळ नोंदवा.

विष चुकून गेलं की घेतलं, हे डॉक्टरने ठरवायचं नाही. "नातेवाइकांच्या सांगण्यानुसार कपाशीवर फवारणी करताना" असं, ज्याने सांगितलं त्याच्या नात्यासह लिहा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदानासारख्या दाव्यात आत्महत्या की अपघात यावरच सगळं अडतं, त्यामुळे एका सैल शब्दाने घराचं नुकसान होऊ शकतं किंवा तपास भरकटू शकतो.

सगळ्यात फसवी केस म्हणजे दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेला आणि अठराव्या दिवशी न्यूमोनियाने गेलेला रुग्ण. "न्यूमोनिया" लिहून मृतदेह ताब्यात दिला जातो. उलटा प्रश्न विचारा: न्यूमोनिया कशामुळे? व्हेंटिलेटरमुळे. व्हेंटिलेटर कशामुळे? डोक्याच्या मारामुळे. मूळ मार आहे, म्हणजे किती का दिवस लोटले असोत, केस एमएलसीच.

आणताच मृत असलेल्या माणसाचं कारण अंदाजाने लिहू नका. छातीत दुखत होतं असं कोणी सांगितलं म्हणून "हार्ट अटॅक" लिहिण्याइतका पुरावा तुमच्याकडे नसतो.

## टप्पा ८: सही करण्याआधी आणि नंतर

समरी आणि नमुना ४ शेजारी ठेवून जुळवा: नाव आधारप्रमाणे, वय, तारीख, वेळ, कारणांचा क्रम, कालावधी. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या २०२३च्या दुरुस्तीनंतर कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची असते, म्हणजे दोन कागदांतला फरक आता घरापर्यंत पोचतो. एचटीएन, डीएम, एमआय असली संक्षेपं दोन्हीकडे टाळा. एमआय म्हणजे हृदयाचा झटका की झडपेचा आजार, हे नोंदणी करणाऱ्या कारकुनाने ओळखावं अशी अपेक्षा धरता येत नाही.

चूक सापडली तर एक सरळ रेघ, वर दुरुस्ती, सही, तारीख. व्हाइटनर नको आणि पान बदलणं तर अजिबात नको.

आपल्या रुग्णाचा पू कल्चर रिपोर्ट १६ ऑगस्टला, म्हणजे मृत्यूनंतर आला: क्लेबसिएला. तो मूळ मजकुरात घुसडायचा नाही. खाली "पुरवणी नोंद, १६ ऑगस्ट" असं लिहून रिपोर्टचा क्रमांक, निष्कर्ष आणि सही. कारणाची साखळी यामुळे बदलत नाही, फक्त (ख) ओळीतल्या संसर्गाचा जंतू कळतो. रिपोर्टने साखळीच बदलली, समजा फॅशिआयटिसऐवजी दुसरंच काही निघालं, तर युनिट प्रमुखांना दाखवा आणि नमुना ४ आधीच गेला असेल तर निबंधकांना लेखी कळवा. त्या पत्राची प्रत याच फाइलला लावा.